मेस स्कोअर सात असूनही पाय वाचवला. चौदा महिन्यांनी प्रश्न पुन्हा तोच

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाविषयी थोडे सविस्तर लिहितो. मला कोणावर आरोप करायचा नाही. जे घडले ते नीट समजून घ्यायचे आहे.

भावाचे वय ४२. आमची ऊस आणि सोयाबीनची शेती आहे. गेल्या वर्षी गळीत हंगामात संध्याकाळी साडेसातच्या सुमारास तो मोटारसायकलवरून घरी येत असताना उसाच्या ट्रॉलीचे चाक त्याच्या डाव्या पायावरून गेले. गुडघ्याखालचे हाड फुटून बाहेर आले होते, नडगीवरची कातडी सोलवटली होती आणि जखमेत शेतातली माती, उसाचे पाचट आणि शेण भरले होते. रात्री दहाच्या सुमारास आम्ही पहिल्या रुग्णालयात पोहोचलो. तिथे रक्तदाब वरचा ८० भरला. पावलात नाडी लागत नव्हती, बोटे मात्र कोमट होती. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर 'मेस ७', म्हणजे पायाच्या इजेच्या गुणांची बेरीज सात, असे लिहिले आणि पाय गुडघ्याखाली काढावा लागेल असे सांगितले. आई कबूल होईना, म्हणून सलाईन आणि रक्त चालू ठेवून आम्ही त्याला मोठ्या शहरात हलवले. तिथे पोहोचायला पावणेदोन वाजले. पहाटे चारला शस्त्रक्रिया झाली आणि पाय वाचला.

आता चौदा महिने झाले आहेत. पाच शस्त्रक्रिया झाल्या, पोटरीचा स्नायू फिरवून वर कातडी लावली, पण हाडात पू झाला. कुजलेले हाड काढल्यावर सहा सेंटिमीटरची पोकळी उरली. हाड हळूहळू सरकवून ती भरण्यासाठी आठ महिन्यांपासून पायाभोवती तारांनी अडकवलेली रिंग आहे. पोकळी भरली, परंतु जिथे हाडाची दोन टोके भेटली तिथे ती जुळत नाहीत. पहिल्या डॉक्टरांचे ऐकले असते तर भाऊ आज कृत्रिम पायावर शेतात उभा असता, असे आता घरातलेच म्हणू लागले आहेत. त्या रात्रीचा सात हा आकडा खरोखर काय सांगत होता?

मंदार_अंतिमवर्ष

मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, तेव्हा जेवढे शिकलो तेवढे सांगतो. मेसमध्ये चार गोष्टींना गुण देतात: हाड आणि मांस किती चिरडले आहे, पायाचा रक्तपुरवठा किती कमी झाला आहे, रुग्ण शॉकमध्ये आहे का आणि वय किती. बेरीज सात किंवा जास्त आली तर पाय काढावा लागतो, आणि मूळ अभ्यासात हे भाकीत शंभर टक्के खरे ठरले होते. शिवाय तळव्याला संवेदना नसेल तर तो पाय वाचवण्यात अर्थ नसतो असेही आम्हाला शिकवले आहे. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांचा निर्णय नियमाला धरूनच होता. वाईट वाटून घेऊ नका, पण त्या रात्री भावनेच्या भरात निर्णय झाला असे मला वाटते.

हाडाचा_डॉक्टर

मी अस्थिशल्यचिकित्सेत एकतीस वर्षे काढून आता निवृत्त आहे. मंदार, तुम्ही लिहिलेल्यापैकी निम्मे बरोबर आहे. उरलेले निम्मे माझ्याही पिढीने असेच पाठ केले होते.

आधी कृष्णाकाठ यांच्या भावाचे गुण त्यांनी दिलेल्या माहितीवरून मोजू. चाकाखाली चिरडलेला आणि मातीशेणाने भरलेला पाय असल्याने पहिल्या रकान्यात चारपैकी चार. वय तीस ते पन्नासच्या दरम्यान, म्हणून एक. रक्तदाब घसरला पण रक्त आणि सलाईन दिल्यावर सावरला असे मी धरतो, म्हणून शॉकचा एक. नाडी लागत नव्हती पण बोटे कोमट होती, म्हणून रक्तपुरवठ्याचा एक. बेरीज सात होते. कागदावरचा आकडा चुकीचा नव्हता.

आता मला एक सांगा. दुसऱ्या रुग्णालयात नाडी लागली होती का? आणि पहिल्या ठिकाणी ती तपासली तेव्हा पाय सरळ करून फळीला बांधलेला होता की वाकडाच होता?

कृष्णाकाठ

डॉक्टर, तुम्ही हे विचारल्यावर मी सगळे कागद काढून पाहिले. पहिल्या ठिकाणी नाडी बघितली तेव्हा पाय वाकडाच होता, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले होते. नंतर निघण्यापूर्वी त्यांनीच तो ओढून सरळ केला आणि प्लास्टरची पट्टी बांधली. वाटेत रक्ताच्या दोन पिशव्या गेल्या. दुसऱ्या ठिकाणच्या नोंदीत 'पावलावरील नाडी लागते, रक्तदाब ११०' असे आहे.

हाडाचा_डॉक्टर

म्हणजे पावणेदोन वाजता त्याच रुग्णाचा रक्तपुरवठ्याचा गुण शून्यावर आला आणि बेरीज सहा झाली. पाय तोच, जखम तीच. फरक पडला तो पाय सरळ करण्याने आणि दोन पिशव्या रक्ताने. हाड मुडपलेले असेल तर त्यासोबत रक्तवाहिनीही दुमडते, आणि रक्तदाब ८० असताना पावलाची नाडी बोटाला न लागणे अगदी साहजिक असते. म्हणून नाडीचा गुण देण्याआधी पाय सरळ करायचा, रक्तदाब वर आणायचा आणि तरीही शंका राहिली तर हातात धरायच्या डॉप्लर यंत्राने रक्तप्रवाहाचा आवाज ऐकायचा, हा क्रम पाळावा लागतो. गडबडीच्या रात्री नेमका तोच सुटतो.

याच गुणाला आणखी एक खोच आहे. पाय रक्ताविना सहा तासांहून अधिक राहिला तर तो गुण दुप्पट धरतात. तुमच्या भावाची नाडी परतली नसती तर रात्री दीडपर्यंत सातचे आठ झाले असते. घड्याळाच्या काट्यासरशी बदलणाऱ्या आकड्यावर पाय काढण्याचा निर्णय टेकवायचा म्हणजे तो आकडा कधी आणि कोणी मोजला हे आधी पाहावे लागते.

मंदार यांच्या शंभर टक्क्यांविषयी सांगायचे तर ते आकडे खरे आहेत. मेस १९९० साली सिअ‍ॅटलमधून प्रसिद्ध झाला. जुन्या नोंदी आणि पुढे पाहिलेले रुग्ण मिळून त्यात पन्नासच्या आसपास पाय होते, आणि सात किंवा त्याहून अधिक गुणांचे सगळे पाय काढले गेले होते. पण 'काढले गेले' ही नोंद शल्यचिकित्सकाच्या निर्णयाची असते, निसर्गाच्या निकालाची नव्हे. पुढे अमेरिकेतल्या आठ मोठ्या आघात केंद्रांनी १९९४ ते १९९७ या काळात सहाशेच्या आसपास रुग्ण घेऊन लीप नावाचा अभ्यास केला आणि मेससह अनेक स्कोअर तपासले. गुण कमी असतील तर पाय बहुधा वाचतो, हे त्यांत टिकले. गुण जास्त आहेत म्हणून पाय काढावाच लागेल, हे मात्र एकाही स्कोअरला भरवशाने सांगता आले नाही. म्हणजे हे हत्यार एकाच बाजूला धार असलेले आहे.

मंदार_अंतिमवर्ष

सर, मान्य. पण तळव्याच्या संवेदनेचे काय? मागच्या बाजूची टिबिअल नस गेली असेल तर पाय वाचवू नये, असे आमच्या पुस्तकात अजूनही आहे.

हाडाचा_डॉक्टर

नस डोळ्यांदेखत पूर्ण तुटलेली दिसली आणि सोबत पाऊलही चिरडलेले असेल, तर तो मुद्दा आजही वजनदार आहे. पण रात्री तपासताना तळवा बधिर असणे आणि नस तुटलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताणलेली, दबलेली किंवा रक्त न मिळालेली नसही काही काळ मुकी होते. लीपमध्ये दाखल होताना तळवा पूर्ण बधिर असलेले पंचावन्न रुग्ण होते, त्यांतल्या एकोणतीस जणांचे पाय वाचवले गेले. दोन वर्षांनी त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची संवेदना नेहमीसारखी झाली होती आणि तळवा पूर्ण बधिर राहिलेला केवळ एक जण होता. मी स्वतः १९९८ मध्ये केवळ बधिर तळव्याच्या आधारे एका गवंड्याचा पाय काढला होता. हे आकडे वाचले त्या दिवशी तो माणूस आठवला.

अ‍ॅड_कोल्हापूरकर

नमस्कार. या प्रकरणात कागदपत्रे अत्यंत महत्त्वाची आहेत. मेस सात असताना दुसऱ्या रुग्णालयाने पाय न काढणे हा निष्काळजीपणा ठरू शकतो काय, हा आपला प्रश्न असेल तर दोन्ही रुग्णालयांच्या नोंदींच्या प्रमाणित प्रती मागवाव्यात. मोटार अपघात दाव्यात ट्रॉली जोडलेल्या ट्रॅक्टरच्या विम्याची प्रतही लागेल. अवयव गमावल्याचे आणि अवयव निकामी झाल्याचे टक्के वेगवेगळे धरले जातात, त्यामुळे अंतिम प्रमाणपत्र येईपर्यंत तडजोड करू नये.

कृष्णाकाठ

वकीलसाहेब, दाव्याचे काम आमच्याकडे सुरू आहे, तुमची सूचना त्यांच्या कानावर घालतो. पण माझा प्रश्न तो नाही. दुसऱ्या डॉक्टरांबद्दल आमची काहीच तक्रार नाही.

प्रवीण_फिटर

मी तुमच्या भावाच्या दोन पावले पुढे आहे, म्हणून लिहितो. २००९ साली कारखान्यात माझ्या पायावर लोखंडी तुळई पडली. अडीच वर्षे पाय वाचवण्यात गेली, अकरा शस्त्रक्रिया झाल्या आणि शेवटी मीच डॉक्टरांना म्हणालो की आता काढा. गुडघ्याखाली काढला. पाच महिन्यांत कृत्रिम पायावर चालू लागलो आणि वर्षाच्या आत कामावर गेलो. त्यामुळे घरचे काय म्हणत असतील ते मला कळते.

पण काढला म्हणजे सुटलो असेही नाही, हेही ऐका. ठुंठा सकाळी एका मापाचा असतो आणि संध्याकाळी दुसऱ्या. पावसाळ्यात आत घाम साचून कातडी फुटते आणि मग आठ-आठ दिवस पाय घालता येत नाही. सॉकेट तीन-चार वर्षांत बदलावे लागते आणि चांगल्या पायाचा खर्च प्रत्येक वेळी नव्याने उभा राहतो. रात्री लघवीला उठायचे तर कुबडी शोधावी लागते. माझे काम काँक्रीटच्या जमिनीवर आहे. उसाला पाणी पाजताना गाळात उभे राहणे मला जमले नसते. जयपूर फूट अनवाणी चालायला आणि उकिडवे बसायला बरा पडतो, पण ओल्या सरीत तोही रुतून बसतो.

हाडाचा_डॉक्टर

प्रवीण यांनी लिहिलेले कोणत्याही स्कोअरमध्ये सापडत नाही. लीपच्या दोन वर्षांनंतरच्या तपासणीत पाय काढलेल्यांची आणि वाचवलेल्यांची एकंदर कार्यक्षमता जवळपास सारखी निघाली. कामावर परतलेल्यांचे प्रमाण काढलेल्यांत ५३ टक्के आणि वाचवलेल्यांत ४९ टक्के होते, म्हणजे दोन्हीकडे निम्म्याच्या आसपास. फरक होता तो पुन्हा दाखल होण्यात. वाचवलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना एखाद्या गुंतागुंतीसाठी परत भरती व्हावे लागले आणि काढलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांशांना. निकाल कशाने बिघडतो हे पाहिले तेव्हा शिक्षण, गरिबी, घरच्यांचा आधार, धूम्रपान आणि 'हे मला जमेल' असा स्वतःवरचा विश्वास या गोष्टी पुढे आल्या. अर्थात ते रुग्ण अमेरिकेतले होते. तिथे हिशेबाने आयुष्यभराचा खर्च पाय काढण्यातच जास्त निघाला, कारण कृत्रिम पाय पुन्हा पुन्हा बदलावा लागतो.

आपल्याकडच्या जखमांसाठी मला कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलचा स्कोअर अधिक उपयोगी वाटतो. डॉ. राजशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००६ मध्ये मांडला. रक्तवाहिनी जोडावी लागत नाही पण कातडी, हाड आणि स्नायू यांचे मोठे नुकसान आहे, अशाच नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी तो आहे. कातडी, हाड आणि स्नायू-नसा यांना प्रत्येकी पाचपर्यंत गुण असतात, आणि शेतातील घाण, कमी रक्तदाब, पासष्टच्या पुढचे वय, औषधांवरचा मधुमेह, जखम साफ करायला बारा तासांहून जास्त उशीर अशा गोष्टींना प्रत्येकी दोन. मुख्य म्हणजे ही बेरीज दारात करायची नसते. शस्त्रक्रियागृहात जखम धुऊन मेलेले मांस काढताना जे दिसते त्यावरून ती करतात. चौदापर्यंत पाय वाचवावा, सतरापासून पुढे काढावा, आणि पंधरा-सोळा असेल तर अनुभवी माणसाने समोर बघून ठरवावे, असा आज वापर आहे.

कृष्णाकाठ, पहिल्या शस्त्रक्रियेच्या नोंदीत हाडाची पोकळी आणि स्नायूंबद्दल काय लिहिले आहे?

कृष्णाकाठ

'फ्रॅक्चरवरील कातडी गेलेली, सुमारे तीन सेंटिमीटर हाड नाही, पुढच्या कप्प्यातील स्नायूंचा काही भाग काढला, मागची नस अखंड' असे लिहिले आहे.

हाडाचा_डॉक्टर

मग कातडीचे चार, चार सेंटिमीटरच्या आतली हाडाची तूट म्हणून चार, स्नायूंचे तीन, शेतातील घाणीचे दोन आणि ८० रक्तदाबाचे दोन. पंधरा. म्हणजे नेमका करड्या पट्ट्यात. साफसफाई साडेआठ तासांत सुरू झाली. तीच सकाळी आठनंतर झाली असती तर आणखी दोन गुण चढून सतरा झाले असते. त्या रात्री दोन चांगल्या डॉक्टरांनी दोन वेगळी मते दिली असती आणि दोघेही बरोबर ठरले असते. नस अखंड, पाऊल शाबूत आणि वय ४२ असताना मीही वाचवायच्याच बाजूने गेलो असतो. मात्र पहिल्याच दिवशी घरच्यांना समोर बसवून दीड-दोन वर्षे आणि सहा-सात शस्त्रक्रिया लागू शकतात हे सांगितले असते. तसे कोणी सांगितले होते का?

कृष्णाकाठ

'पाय वाचला' एवढेच सांगितले होते. कदाचित सांगितलेही असेल, पण त्या पहाटे आमच्या कानापर्यंत तेवढेच पोहोचले.

सुनंदा_परिचारिका

मी अस्थिरोग विभागात परिचारिका होते. भाऊ, रिंगचे नट कोण फिरवत होते? आणि तुमचे धाकटे भाऊ तंबाखू किंवा मिश्री वापरतात का? राग मानू नका, आमच्या वॉर्डात हा प्रश्न बायकोसमोर विचारला की उत्तर वेगळे मिळायचे.

कृष्णाकाठ

ताई, नट वहिनी फिरवायची. दहा नंबरचा पाना, दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी पाव फेरा. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री झोपताना. भिंतीवर खडूने खुणा केल्या होत्या, त्या अजून पुसलेल्या नाहीत. तारांच्या तोंडाशी स्वच्छता तीच करते. बिडीचे म्हणाल तर अपघातानंतर दोन महिने बंद होती. आता दिवसाला चार-पाच होतात. हे डॉक्टरांना सांगितलेले नाही.

हाडाचा_डॉक्टर

हे आधी सांगा. लीपमध्ये धूम्रपान करणाऱ्यांचे हाड जुळण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी कमी आणि संसर्गाचे प्रमाण दुपटीहून अधिक निघाले होते. दिवसाला एक मिलिमीटर असे हाड सरकवून सहा सेंटिमीटर भरले, म्हणजे वहिनींनी त्यांचे काम चोख केले आहे. एका सेंटिमीटरमागे रिंग साधारण दीड ते दोन महिने ठेवावी लागते, म्हणून आठ महिने हा अजून उशीर नव्हे. दोन टोके जिथे भेटतात तिथे हाड न जुळणे हे या पद्धतीचे नेहमीचे दुखणे आहे. अनेकदा तिथे मधला चिवट थर काढून कमरेच्या हाडाचा चुरा भरावा लागतो.

आता पुढचा निर्णय मेसवर किंवा गंगा स्कोअरवर घेऊ नका. दोन्ही स्कोअर पहिल्या दिवसासाठी आहेत. आज मी चार गोष्टी पाहीन. तळव्याला कापसाचा स्पर्श कळतो का, पाऊल जमिनीला सपाट टेकते की टाच वर राहते, पू थांबून किती दिवस झाले, आणि आणखी एक शस्त्रक्रिया व चार-सहा महिने सोसायची तुमच्या भावाची तयारी आहे का. पहिल्या तिन्हींचे उत्तर चांगले असेल तर मी अजून एक प्रयत्न करीन. पाऊल ताठ आणि वाकडे असेल, पू पुन्हा येत असेल आणि माणूस थकला असेल तर गुडघा राखून खाली पाय काढणे हा पराभव नाही. एक मात्र सांभाळा. संसर्ग वर सरकून गुडघ्याजवळची कातडी आणि हाड खराब होईपर्यंत थांबू नका. गुडघा गेल्यावर कृत्रिम पायाने चालायला कितीतरी अधिक शक्ती लागते.

प्रवीण_फिटर

चौथी गोष्ट भावालाच विचारा, तीही घरातले सगळे बाहेर गेल्यावर. मला दोन वर्षे कोणीच विचारले नव्हते.

मंदार_अंतिमवर्ष

सर, तरीही एक शंका राहते. सैनिकांवरच्या मेटल्स या अभ्यासात पाय काढलेल्यांची कार्यक्षमता वाचवलेल्यांपेक्षा चांगली निघाली होती ना? मग तरुण माणसाला लवकर काढण्याचाच सल्ला द्यायला नको का?

हाडाचा_डॉक्टर

निघाली होती, ही गोष्ट खरी आहे. पण ते सैनिक तरुण होते, त्यांना उत्तम कृत्रिम पाय मिळाले आणि मोठ्या पुनर्वसन केंद्रांची साथ होती. आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला तो निष्कर्ष किती लागू पडतो याबद्दल माझे स्वतःचे मत अजून पक्के झालेले नाही. वीस वर्षांपूर्वी मी ठाम नाही म्हटले असते.

कृष्णाकाठ

काल रात्री घरातले सगळे झोपल्यावर भावाजवळ बसलो. डोळे मिटायला लावून तळव्याला कापूस लावला. टाचेजवळ कळतो, अंगठ्याखाली कळतो, करंगळीच्या बाजूला नीट कळत नाही. टाच जमिनीला टेकते, पण घोटा जवळजवळ हलत नाही. पू थांबून अकरा आठवडे झाले. बिडीबद्दल येत्या गुरुवारी डॉक्टरांना मीच सांगणार आहे, त्याला तसे सांगितले तर तो रागावला नाही.

चौथा प्रश्नही विचारला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'अजून एकदा हाड भरून बघू, पण ती शेवटची. नाही जुळले तर पुढच्या हंगामाआधी काढा, आईला मी सांगेन.' गुरुवारी काय ठरते ते इथे लिहितो.